चक्र संपले की जात परत: शाक्त राज्याभिषेकाच्या निमित्ताने तंत्राविषयी थोडे

दरवर्षी सप्टेंबर उजाडला की आपल्या व्हॉट्सॲप गटांवर दोन तऱ्हेचे मेसेज फिरू लागतात. पहिल्यात असते की २४ सप्टेंबर १६७४ रोजी शिवरायांनी रायगडावर दुसरा, शाक्त पद्धतीचा राज्याभिषेक करून घेतला आणि गागाभट्टाच्या वैदिक राज्याभिषेकाला लाथ मारली, म्हणून हा खरा बहुजन राज्याभिषेक. दुसऱ्यात असते की तंत्र म्हणजे कवट्या, दारू, नरबळी आणि भानामती. महाराजांचे नाव असल्या अघोरी गोष्टीशी जोडू नका. गेल्या वर्षी पाचगणीला तरुणांच्या एका अभ्यासशिबिरात हाच वाद रात्री एकपर्यंत चालला. दोन्ही बाजूंची पोरे हुशार होती, तावातावाने बोलत होती, आणि तंत्राचा एकही ग्रंथ काय म्हणतो हे दोन्हीकडे कुणाला सांगता येत नव्हते.

मित्रांनो, हा विषय टाळून चालणार नाही. पाचगणीहून महाबळेश्वर, तिथून आंबेनळी घाटाने प्रतापगडाच्या पायथ्यावरून पोलादपूर, पुढे महाड आणि महाडहून रायगड, असा हा एकच रस्ता आहे. शिवरायांनी बांधलेले भवानीचे देऊळ या रस्त्यावर आहे, चवदार तळे या रस्त्यावर आहे आणि दोन राज्याभिषेकांचा रायगडही याच रस्त्याच्या टोकाला आहे. तंत्राने जातीचे काय केले, या प्रश्नाचे उत्तर शोधायला लांब काश्मीर-बंगालात जायची गरज पडली तरी प्रश्न आपल्या घाटातलाच आहे.

आधी 'अघोरी' वाल्यांशी बोलू. त्यांच्या डोक्यातला तांत्रिक हा सिनेमातून आणि लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या 'बंगाली बाबा'च्या जाहिरातीतून आलेला आहे. त्या बाबाच्या विरोधात साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचले. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाल्यावरच सरकारला जादूटोणाविरोधी अध्यादेश काढावासा वाटला आणि त्याच वर्षी कायदा झाला. तो कायदा हवाच होता, आजही त्याची अंमलबजावणी हवी. मी तंत्राची पांढरपेशी रंगरंगोटी करणार नाही. वशीकरण, उच्चाटन, मारण हे सगळे तंत्रग्रंथांत आहे. त्याला षट्कर्मे म्हणतात. बाबाने ते हवेतून आणलेले नाही. पण तेवढ्यावरून तंत्र कळले म्हणणे म्हणजे पोथीची मागची चार पाने वाचून पोथी कळली म्हणण्यासारखे आहे. आणि या भीतीचा फटका कुणाला बसतो तेही बघा. वज्रयान बौद्ध परंपरेत 'डाकिनी' ही साधकाला ज्ञान देणारी स्त्री आहे. त्याच शब्दाची गावात 'डाकीण' झाली, आणि डाकीण ठरवून मारल्या जातात त्या बाया बहुतेक आदिवासी, दलित, विधवा, एकट्या असतात. शब्द घाण झाला की त्याची किंमत कोण मोजतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

मग त्या पोथीच्या पुढच्या पानांत आहे काय? बहुतेक ठिकाणी कवटी नसून दीक्षा आहे. शैव तंत्रांतली दीक्षा कशी होते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळा मुद्दा त्यातच आहे.

गुरू जमिनीवर रंगीत चूर्णांनी मंडल काढतो. त्याच्या भोवती पाण्याने भरलेले, मंत्राने भारलेले कलश मांडलेले असतात. शिष्याचे डोळे बांधून त्याला मंडलापाशी आणतात आणि हातात फूल देतात. ते फूल तो मंडलावर टाकतो. ते ज्या देवतेच्या जागी पडेल त्यावरून त्याचे नवे नाव ठरते. त्याच्या बापाचे नाव, कुळ, गोत्र यांना इथे काम नाही. पुढे एक दोरा घेतात, शिष्याच्या उंचीएवढा, आणि तो शेंडीपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सोडतात. याला पाशसूत्र म्हणतात. माणसाला जखडणारी सगळी बंधने या दोऱ्यात उतरली असे मानून गुरू दोऱ्याचे तुकडे करतो आणि अग्नीत टाकतो. मुंजीत दोरा गळ्यात घालतात, इथे दोरा जाळतात. हा फरक मला किरकोळ वाटत नाही.

ही बंधने कोणती? कौल परंपरेतल्या कुलार्णव तंत्रात आठ पाश मोजले आहेत. घृणा, लज्जा, भय यांच्या रांगेत शेवटी कुल, शील आणि जाती येतात. म्हणजे जात हा फास आहे, तो कापल्याशिवाय माणूस सुटत नाही, असे संस्कृतात, धर्मग्रंथात, शेकडो वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे. स्वच्छंदतंत्र आणखी पुढे जाते. दीक्षा झालेले सगळे, मग ते मूळचे ब्राह्मण असोत की शूद्र की अंत्यज, एका पंगतीत बसतील. त्यांची जात आता एकच. एखाद्याने दुसऱ्याच्या पूर्वीच्या जातीचा उच्चार केला तर उच्चार करणाऱ्याने प्रायश्चित्त घ्यायचे. पुन्हा वाचा. मनूच्या नियमांत खालच्या जातीचा स्पर्श हाच विटाळ; इथे जात काढणारा दोषी आहे. काश्मीरच्या अभिनवगुप्ताने हजार वर्षांपूर्वी 'तंत्रालोका'त मांडलेले तत्त्वज्ञान याच धाग्यावर आहे: चैतन्य एकच, भेद ही संकोच पावलेल्या जाणिवेची करणी, आणि शुद्ध-अशुद्ध हा वस्तूचा गुण नसून आपल्या शंकेचा खेळ. मद्य-मांस त्या विधीत येते ते मजा म्हणून नाही. 'हे अपवित्र आहे' या खोल बसलेल्या शंकेला धक्का द्यायला ते येते.

इथपर्यंत ऐकून शिबिरातली 'बहुजन तंत्र'वाली पोरे खूश झाली होती. आता त्यांच्याशी बोलायचे आहे, आणि ते जास्त महत्त्वाचे आहे, कारण ती आपली माणसे आहेत.

त्याच कुलार्णव तंत्रात भैरवीचक्राचा नियम आहे. साधक-साधिकांचा गट गोलाकार बसून विधी करतो ते हे चक्र. ग्रंथ सांगतो की चक्र सुरू असेपर्यंत सगळे वर्ण द्विज आहेत, आणि चक्र संपले की सगळे वर्ण पुन्हा वेगवेगळे. बस्स. दोन-चार तासांची समता. दिवे विझले की महार महारवाड्यात आणि भट वाड्यात. आणखी एक बारीक गोष्ट बघा: चक्रात सगळे 'माणूस' होत नाहीत, सगळे 'द्विज' होतात. समतेची उंची मोजायची पट्टीसुद्धा ब्राह्मणाचीच. या कौलांविषयी एक जुनी म्हण संस्कृतात फिरते की ते आतून शाक्त, बाहेरून शैव आणि सभेत वैष्णव असतात. ही हुशारी असेल, पण सभेत, पाणवठ्यावर, शाळेत ज्याला उभे राहायचे आहे त्याच्या ती कामाची नाही.

शिवाय स्वच्छंदतंत्राची ती एक पंगत सगळ्यांनी मानली असे नाही. शैवांच्याच सिद्धान्त परंपरेत दीक्षितांनीही जातीप्रमाणे वेगळ्या पंगतीत बसावे असे बजावणारे आचार्य होते. दीक्षा आत्म्याची झाली, शरीराची जात तशीच राहिली, असा त्यांचा युक्तिवाद. मंत्रांचेही तेच. वेदाचा मंत्र शूद्राला बंद, म्हणून तंत्राने आपले वेगळे मंत्र उघडले. हे खरे मोठे पाऊल होते. पण पुढच्या कित्येक पद्धतींत नियम आला की शूद्राने आणि स्त्रीने तोच मंत्र 'ॐ' आणि 'स्वाहा' गाळून, 'नमः' लावून म्हणावा. दार उघडले आणि उंबऱ्यावर पुन्हा वेदोक्त-पुराणोक्ताची पाटी लावली. वेदोक्ताचा हा छळ पुढे सातारच्या प्रतापसिंह महाराजांच्या वाट्याला आला. त्यांच्या क्षत्रियत्वाच्या विरोधात ब्राह्मण पक्षामागे सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन उभे होते. कोल्हापुरात राजर्षी शाहूंच्या वाट्यालाही तो आला. तांत्रिक मंत्र हाताशी असताना हे वाद पेटतच राहिले, याचा अर्थ काय? समाजात पत कशाची होती, हे त्यातून दिसते. तांत्रिक दीक्षा घरात चालत होती, दरबारात वेदोक्तच लागत होते.

तंत्र हे मुळातच 'अब्राह्मणी', हा दावाही तपासून घ्या. मनुस्मृतीचा सर्वांत गाजलेला टीकाकार कुल्लूकभट्ट. मनूचा अर्थ लावताना तो म्हणतो की श्रुती दोन प्रकारची आहे, वैदिकी आणि तांत्रिकी. मनुस्मृतीच्या टीकेत तंत्राला श्रुतीचा दर्जा! हे बाबासाहेबांच्या नजरेतून सुटलेले नाही. 'रिडल्स इन हिंदुइझम'मध्ये त्यांनी तंत्रावर लिहिले आहे आणि त्यांचा रोख नेमका इथे आहे: अहिंसा स्वीकारलेल्या ब्राह्मणांनी पंचमकाराचे तंत्र मान्य कसे केले, त्याला शास्त्राची मान्यता कशी दिली? बाबासाहेब तंत्राला भुताटकी म्हणून झटकत नाहीत आणि क्रांती म्हणून डोक्यावरही घेत नाहीत. ते विचारतात, अधिकाराचा शिक्का कुणी मारला. शिबिरात दोन्ही बाजूंनी बाबासाहेबांचे नाव घेतले जात होते. हे प्रकरण मात्र कुणी उघडले नव्हते.

आता काही जण म्हणतील, हे सगळे हिंदू तंत्र झाले, आपले बौद्ध तंत्र वेगळे. वेगळे आहे, आणि ते महाराष्ट्रात दगडात कोरलेले आहे. वेरूळच्या १२ क्रमांकाच्या लेण्यात, तीन तालात, आपल्यातले किती तरी जण सहलीने गेले असतील. तिथे भिंतीवर एक चौकोन आहे, नऊ घरांचा. मधल्या घरात बुद्ध, भोवतीच्या आठ घरांत आठ बोधिसत्त्व. ज्याच्या हाती कमळ तो अवलोकितेश्वर, वज्रवाला वज्रपाणी, कमळावर पोथी असलेला मंजुश्री, मुकुटात स्तूप असलेला मैत्रेय. हे मंडल आहे, सातव्या-आठव्या शतकातले. लोक त्याच्यासमोरून 'तंत्र बघायला कुठे मिळेल' असे विचारत पुढे जातात. त्यात नग्नता नाही, रक्त नाही; मन कुठे एकाग्र करायचे याचा तो नकाशा आहे. आठ जण आठ गुणांचे, मध्ये जागा झालेला माणूस.

पण पुढच्या शतकांतल्या वज्रयानी ग्रंथांकडे या, उदाहरणार्थ हेवज्रतंत्र. तिथे विधीतल्या स्त्रिया सांगितल्या आहेत: डोंबी, नटी, रजकी, ब्राह्मणी, चांडाली. डोंब, नट, परीट, चांडाळ बाया ब्राह्मणीच्या बरोबरीने एका मंडलात, हे वाचून ऊर भरून येतो. थोडे थांबा. त्या तिथे का आहेत? त्या पाच बुद्धकुलांची प्रतीके म्हणून आहेत. 'चांडाली' हे तर बेंबीपाशी जागवायच्या योगाग्नीचे नाव झाले. डोंबिणीचा स्पर्श समाजात विटाळ मानला जातो, म्हणूनच विधीत तो प्रभावी. विटाळ उद्या खरोखर संपला तर या विधीतली ठिणगीच संपेल. म्हणजे नियम मोडण्याची शक्ती मिळवायला नियम जिवंत राहावा लागतो. आणि ती डोंबीण? साधकाला सिद्धी मिळाली, त्याचे नाव चौऱ्याऐंशी सिद्धांच्या यादीत गेले. विधी संपल्यावर तिने कुठल्या विहिरीवर पाणी भरले, हे एकाही ग्रंथाला लिहावेसे वाटले नाही.

एवढे हाताशी धरून रायगडावर जाऊ.

६ जून १६७४चा राज्याभिषेक आपल्याला पाठ आहे. काशीचे गागाभट्ट आले, आधी राजांची मुंज, मग समंत्रक लग्ने पुन्हा, मग अभिषेक. क्षत्रियत्व सिद्ध केल्याशिवाय वेदमंत्र नाही, हा सगळा खटाटोप त्यासाठी. अकरा दिवसांनी, १७ जूनला, पाचाडला जिजाऊंचे निधन झाले. साडेतीन महिन्यांनी, आश्विन शुद्ध पंचमीला, म्हणजे ललिता पंचमीला, निश्चलपुरी गोसावी यांनी तांत्रिक अभिषेक केला. हे आपल्याला कळते ते 'शिवराज्याभिषेककल्पतरु' या संस्कृत ग्रंथातून. तो निश्चलपुरींच्या बाजूने लिहिलेला आहे, हे आधी लक्षात ठेवा. दुसरी बाजू त्यात नाही.

आता प्रश्न साधा आहे. निश्चलपुरींची पहिल्या राज्याभिषेकाविरुद्ध तक्रार काय होती? गागाभट्टाने जात विचारली, मुंज करायला लावली, शूद्र म्हणून अपमान केला, अशी तक्रार ग्रंथात असायला हवी होती, जर हा जातीविरोधी राज्याभिषेक असेल तर. ग्रंथातली तक्रार निराळी आहे. मुहूर्त चुकला, स्थानिक देवतांची पूजा-बळी राहून गेले, त्या कोपल्या. पुरावा म्हणून अपशकुन दिले आहेत: समारंभात गागाभट्टाच्या नाकावर लाकूड पडले, दुसऱ्या पुरोहिताच्या डोक्यावर लाकडी कमळ पडले. प्रतापराव गुजर पडले, काशीबाई गेल्या, जिजाऊ गेल्या. प्रतापराव नेसरीला पडले फेब्रुवारीत, काशीबाई वारल्या मार्चमध्ये; जूनच्या मुहूर्ताने ते कसे घडले, हे ग्रंथकारालाच ठाऊक. हा दोन पुरोहितांमधला विधीच्या नेमकेपणाचा वाद आहे. एक म्हणतो वेद पुरेसा, दुसरा म्हणतो गडावरची शिरकाई आणि भोवतालच्या शक्ती शांत केल्याशिवाय सिंहासन टिकत नाही.

मग या दुसऱ्या अभिषेकात काहीच नव्हते का? होते, आणि तेच नीट सांगायला हवे. त्याच्यासाठी राजाला क्षत्रिय असण्याची गरज नव्हती. तांत्रिक अभिषेकात पात्रता जन्मातून येत नाही, दीक्षेतून आणि मंत्रातून येते. ज्या समाजात काशीहून पंडित आणून कुळाचा दाखला जोडावा लागतो, तिथे दाखला न मागणारा विधी उपलब्ध होता आणि राजाने तो केला, ही गोष्ट लहान नाही. शिवाय तो डोंगरातल्या देवींना मान देणारा होता. प्रतापगडावर १६६१मध्ये भवानी बसवणाऱ्या राजाला ही भाषा परकी नव्हती. कॉ. शरद पाटलांनी या दुसऱ्या राज्याभिषेकाकडे आणि शाक्त परंपरेकडे अब्राह्मणी धारा म्हणून लक्ष वेधले, ते काम मोलाचे आहे. त्यांच्याआधी इतिहासाच्या पुस्तकांत हा दिवस दोन ओळींत गुंडाळला जात होता. पण लक्ष वेधणे वेगळे आणि त्याची क्रांती करून टाकणे वेगळे. २४ सप्टेंबरनंतर ६ जून रद्द झाला नाही. मुंज मागे घेतली गेली नाही, 'क्षत्रियकुलावतंस' हे बिरुद खाली ठेवले गेले नाही. दुसरा अभिषेक पहिल्याच्या वर बसवला गेला. राजाने दोन्ही पत्ते हातात ठेवले; राज्य चालवणारा माणूस असेच करतो, आणि त्यात त्याला दोष देण्यासारखे काही नाही. जाती मोडण्याचा कार्यक्रम मात्र तो नव्हता.

आता त्याच रस्त्याने महाडला खाली या. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी तळे शुद्ध केले. कसे? १०८ घागरी पाणी उपसले, शेण, गोमूत्र, दूध, दही घातले, मंत्र म्हटले. मंत्राने भारलेल्या पाण्याने वस्तूचा दर्जा बदलतो, ही समजूत ज्या विधीने राजाला राजा केले त्याच्याही मुळाशी होती, आणि माणसाचा स्पर्श पुसून काढणाऱ्या या विधीच्याही. कलशाला बाजू नसते. तो ज्याच्या हातात, त्याच्या बाजूने ओततो. बाबासाहेबांनी उलटा कलश मांडला नाही. २५ डिसेंबरला त्यांनी त्याच महाडमध्ये मनुस्मृती जाळली. 'जात ही मनाची अवस्था आहे' हे बाबासाहेबांनीही १९३६मध्ये 'जातिनिर्मूलना'त लिहिले. तेवढ्यापुरते ते कुलार्णवातल्या आठ पाशांच्या जवळ येतात. पण तंत्र पाश कापते ते बंद दारामागे, दीक्षित माणसापुरते, आणि शास्त्राला हात न लावता. बाबासाहेब त्या मनाला घडवणाऱ्या शास्त्राच्या पावित्र्यालाच हात घालतात, आणि तेही तळ्याच्या काठावर, दिवसाढवळ्या.

म्हणून या सप्टेंबरला कार्यक्रम घ्यायचा असेल तर जरूर घ्या. भाषण करणाऱ्याने 'कल्पतरु'तली तक्रार जशी आहे तशी सांगावी, स्वच्छंदतंत्राची एक पंगत सांगावी आणि लगेच भैरवीचक्र संपल्यानंतरचा नियमही सांगावा. अघोरी म्हणून नाक मुरडणाऱ्याला तीन तालातल्या नऊ घरांसमोर उभे करावे. आणि गटावर मेसेज पुढे ढकलण्याआधी कुणी विचारले की डोंबिणीचे पुढे काय झाले, तर त्याला गप्प बसवू नये.